एकच फाइल, दोन पडदे, दोन तारखा: गोदामवाल्यांना लिहिलेल्या एका मेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब आणि साठ्याच्या नोंदी पाहतो. आमचं स्वतःचं गोदाम नाही. सभासदांचं सोयाबीन आम्ही तालुक्याच्या गावातल्या एका खासगी गोदामात ठेवतो. करारात एक कलम आहे: 'मागील महिन्याच्या आवक-जावकेची माहिती दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यावी.' माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची, याबद्दल करारात एक अक्षरही नव्हतं. करार करताना आमच्या बाजूने मीच बसलो होतो, तेव्हा ही उणीव माझी.

गोदामात आवकेची पावती एका छोट्या सॉफ्टवेअरवर फाटते. महिना संपला की तिथल्या ऑपरेटर ताई त्यातून सीएसव्ही फाइल काढतात, एक्सेलमध्ये उघडतात, नको ते रकाने काढून टाकतात आणि एक्सेल फाइल म्हणून जतन करून मेल करतात. ती माहिती मी आमच्या साठा-वहीत चिकटवतो. माल किती दिवसांपासून पडून आहे ते वहीतल्या एका सूत्राने निघतं:

```
=TODAY()-C2
```

हा आकडा आमच्यासाठी महत्त्वाचा असतो. सभासदाला मालावर तारण-उचल दिलेली असते आणि तिची मुदत 180 दिवसांची असते. मुदत उलटलेल्यांची यादी याच रकान्यावरून निघते आणि त्या यादीतल्या प्रत्येकाला 'उचल फेडा किंवा माल विका' असा निरोप जातो. ऑक्टोबर 2023 पर्यंत हे सगळं बिनघोर चालू होतं.

अडचण

नोव्हेंबरची फाइल 5 डिसेंबरला आली. नोंदी 186. मी त्या वहीत चिकटवल्या, यादी काढली आणि संध्याकाळी 31 सभासदांना निरोप गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन आला तो औशाकडच्या एका सभासदाचा. "सर, जुलैत पेरलेलं सोयाबीन, दिवाळीच्या तोंडावर आणून टाकलं. त्याला सहा महिने कुठून झाले हो?" त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता आणि आमच्या भागात पेरण्या जुलैपर्यंत लांबल्या होत्या. त्यांचं म्हणणं खरं होतं. वहीत मात्र त्यांचा माल 11 जानेवारी 2023 ला आलेला आणि 329 दिवस पडून असलेला दिसत होता.

आधी वाटलं, एखादी नोंद चुकली असेल. मग दिवसांच्या रकान्यावरून नजर खाली नेली आणि दोन ओळींत उणे पाच दिसलं. त्या मालाची आवक 11 डिसेंबरची होती आणि आज होती 6 डिसेंबर. अजून न उजाडलेल्या दिवशी गोदामात माल उतरला होता.

त्या दोन पावत्या मला आठवत होत्या. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दोन टेम्पो आले होते. हमाल घरी जायच्या घाईत होते, म्हणून गोदामातून मला फोन आला होता. लक्ष्मीपूजन होतं 12 नोव्हेंबरला. म्हणजे 12/11 चं 11/12 झालं होतं, दिवस आणि महिना यांची अदलाबदल. औशाच्या सभासदाचा माल 1 नोव्हेंबरचा, त्याची झाली होती 11 जानेवारी.

मग पूर्ण रकाना पुन्हा नीट पाहिला. 1 ते 12 नोव्हेंबरच्या सगळ्या नोंदी कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या 11 तारखेला जाऊन बसल्या होत्या: 11 जानेवारी, 11 फेब्रुवारी, 11 मार्च, असं 11 डिसेंबरपर्यंत. फक्त 11 नोव्हेंबरच्या नोंदी आपोआप बरोबर राहिल्या, कारण तिथे अदलाबदल केली तरी तारीख तीच राहते. 13 नोव्हेंबरपासून पुढच्या नोंदी मात्र ठीक दिसत होत्या.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि आदल्या दिवशी माझ्या लक्षात आली नव्हती. वरच्या तारखा `11-01-2023` अशा, आडव्या रेघेच्या आणि खान्यात उजवीकडे टेकलेल्या होत्या. खालच्या `13/11/2023` अशा, तिरप्या रेघेच्या आणि डावीकडे टेकलेल्या. एक्सेल आकडा उजवीकडे ठेवतं आणि अक्षर डावीकडे. एक्सेलसाठी खरी तारीख म्हणजे आतून एक आकडाच असतो. म्हणजे वरच्या तारखा ही 'तारीख' होती आणि खालच्या हा नुसता मजकूर. खात्रीसाठी हे सूत्र टाकलं:

```
=COUNT(C2:C187)
```

उत्तर 71. ओळी 186 आणि तारखा 71. उरलेले 115 खाने मजकुराचे.

वहीने चूक का दाखवली नाही, याचं उत्तरही इथेच आहे. माझ्या संगणकाची मांडणी भारतीय आहे. वजाबाकीच्या वेळी `13/11/2023` हा मजकूरही एक्सेलने 13 नोव्हेंबर असाच वाचला आणि बरोबर दिवस काढून दिले. मजकूर असलेल्या 115 ओळींचं उत्तर बरोबर आलं आणि 11 नोव्हेंबरच्या सोडून खरी तारीख असलेल्या ओळींचं चुकलं. लाल खूण नाही, त्रुटीचा संदेश नाही. निरोप गेलेले 31 जण 1 ते 5 नोव्हेंबरला माल आणणारे होते.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी 31 फोन केले आणि प्रत्येकाची माफी मागितली. 'उचल फेडा' हा निरोप कर्जात असलेल्या माणसाच्या काळजाला कसा लागतो, हे मला माहीत आहे.

पहिला मेल आणि तो का फसला

फोन संपल्यावर मी गोदामाच्या मालकांना मेल लिहिला. त्यातली मुख्य वाक्यं अशी होती:

"आवक तारीख DD/MM/YYYY याच पद्धतीने द्यावी. उदा. 25/11/2023. कृपया नोव्हेंबरची फाइल दुरुस्त करून पुन्हा पाठवावी."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "सर, तारीख बरोबरच आहे. आपण सांगितली तशीच आहे. सोबत फोटो." फोटो त्यांच्या पडद्याचा होता आणि त्यात खरोखरच `5/11/2023` असं स्वच्छ दिसत होतं. त्याच फाइलमधली तीच ओळ माझ्या पडद्यावर `11-05-2023` होती.

या मेलमध्ये तीन चुका होत्या आणि तिन्ही माझ्या. मेल मालकांना गेला, फाइल बनवणाऱ्या ताईंना नाही. मी मागितलेली पद्धत तीच होती जी त्या आधीपासून पाळत होत्या, त्यामुळे मेल वाचून त्यांनी काय बदलायचं हेच कळत नव्हतं. आणि तिसरी चूक उदाहरणाची. 25/11 ही तारीख कोणत्याही संगणकावर उलटी वाचली जाऊच शकत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. नमुना म्हणून मी नेमकी अशी तारीख दिली, जिच्यात हा दोष कधीच उघडा पडणार नव्हता.

फोनवर लागलेला छडा

शेवटी थेट ताईंना फोन लावला. दोघांनी तीच फाइल उघडली. त्या म्हणाल्या, "सर, माझ्याकडं पाच अकराच आहे." मी म्हणालो, "ताई, माझ्याकडे अकरा पाच आहे." असं दोन-तीनदा झालं. त्यांच्या आवाजात थोडी नाराजी आली आणि ती रास्तच होती. त्यांनी काही चुकीचं लिहिलं नव्हतं.

मग मी म्हणालो, "ताई, त्या पाच तारखेच्या खान्यावर क्लिक करा आणि वरच्या पट्टीतून `Long Date` निवडा. काय येतं ते वाचून दाखवा." क्षणभर शांतता, मग त्या एकेक शब्द वाचू लागल्या: `Thursday, May 11, 2023`. "अगं बाई, हा मे कुठून आला?"

गुंता तिथेच सुटला. त्यांचा पडदा महिना आधी आणि दिवस नंतर दाखवत होता. 11 मे त्यांना `5/11/2023` अशी दिसत होती आणि त्या ती आपल्या सवयीने पाच नोव्हेंबर वाचत होत्या. वाचणाऱ्याची सवय एक, यंत्राची दुसरी, आणि कागदावर आकडे तेच.

हे नोव्हेंबरमध्येच का झालं, तेही त्यांनीच सांगितलं. शेठनी धनत्रयोदशीला नवा संगणक घेतला होता. त्यात विंडोजची प्रादेशिक मांडणी `English (United States)` अशीच राहिली होती. जुन्यावर `English (India)` होती. ऑक्टोबरची फाइल 10 नोव्हेंबरच्या आधी जुन्या संगणकावर तयार झाली होती, म्हणून ती नीट होती. नव्या संगणकावर सीएसव्ही उघडताच एक्सेलने `05/11/2023` ला अकरा मे ठरवलं आणि `13/11/2023` चं काय करायचं ते न कळल्याने तो मजकूर म्हणून सोडून दिला. त्यानंतर फाइल एक्सेल स्वरूपात जतन झाली आणि चूक आत पक्की झाली.

पर्याय

पहिला विचार होता आमच्याकडेच दुरुस्ती करायचा. सूत्र अवघड नव्हतं:

```
=IF(ISNUMBER(C2),
 DATE(YEAR(C2),DAY(C2),MONTH(C2)),
 DATE(RIGHT(C2,4),MID(C2,4,2),LEFT(C2,2)))
```

खरी तारीख असेल तर दिवस-महिना उलटायचा, मजकूर असेल तर तुकडे करून तारीख बांधायची. नोव्हेंबरची फाइल मी याच सूत्राने दुरुस्त केली आणि कागदी पावत्यांशी ताडून पाहिली. पण हे कायमचं ठेवायला मी तयार नव्हतो. उद्या कोणी त्यांच्या संगणकाची मांडणी सुधारली तर बरोबर आलेल्या तारखा हेच सूत्र उलटवून टाकेल, आणि पुन्हा कुणालाच कळणार नाही.

दुसरा पर्याय म्हणजे त्यांच्या संगणकाची मांडणी बदलून घेणं. ते दोन मिनिटांचं काम आहे आणि ताईंनी ते त्याच फोनवर केलंही. पण आमची वही त्यावर विसंबून राहावी, हे मला पटेना. संगणक पुन्हा बदलेल, एखाद्या महिन्यात शेठचा मुलगा आपल्या लॅपटॉपवरून फाइल पाठवेल.

तिसरा पर्याय ताईंनी सुचवला: दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने. मला तो आवडला होता. त्यात गफलतीला जागाच नाही. पण त्यासाठी सॉफ्टवेअरमधून निघालेल्या तारखेचे त्यांना दर महिन्याला हाताने तुकडे करावे लागले असते.

चौथा पर्याय वर्ष आधी लिहिण्याचा: 2023-11-05. आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकातली ही पद्धत आहे. आमच्यासाठी तिचं मोल साधं होतं. वर्ष पुढे असलं की भारतीय मांडणी असो वा अमेरिकन, एक्सेल ती पाच नोव्हेंबर अशीच वाचतं. ताईंनी सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं, तर फाइल काढण्याच्या चौकटीत तारखेच्या पद्धतीचा एक पर्याय होता आणि त्यात `YYYY-MM-DD` होतंच. इतकी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. निर्णय तिथेच झाला.

एक खाचखळगा मात्र उरला होता. अशी सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सीएसव्ही म्हणूनच जतन केली, तर एक्सेल तारखा संगणकाच्या स्थानिक पद्धतीने लिहून टाकतं आणि वर्ष परत शेवटी जातं. म्हणून फाइल एक्सेल स्वरूपातच मागायची ठरवली.

पाठवलेला मेल

मेल ताईंना लिहिला, प्रत शेठना. पाठवण्याआधी फोनवर त्यांना वाचून दाखवला आणि जिथे त्या अडखळल्या ती दोन वाक्यं बदलली.

> विषय: डिसेंबर 2023 पासून मासिक आवक-जावक फाइलची मांडणी
>
> ताई, नमस्कार.
>
> कालच्या बोलण्याप्रमाणे फाइलची मांडणी लिहून पाठवत आहे. नोव्हेंबरच्या फाइलमध्ये आपल्या नोंदी बरोबर होत्या. दोन संगणकांनी एकच तारीख वेगवेगळी वाचली, म्हणून हा बदल.
>
> फाइलचं नाव: `awak_2023-12.xlsx` (ज्या महिन्याची माहिती तो महिना). सीएसव्ही पाठवू नये.
>
> पहिली ओळ रकान्यांच्या नावांची, दुसऱ्या ओळीपासून नोंदी. वर गोदामाचं नाव-पत्ता नको, खाली एकूणची ओळ नको, जोडलेले खाने नकोत. रकान्यांचा क्रम असाच ठेवावा, मध्ये नवा रकाना घालू नये:
>
> A – पावती क्रमांक
> B – सभासद क्रमांक, चार अंकी (0417, 417 नको)
> C – आवक तारीख
> D – पोती, फक्त आकडा
> E – निव्वळ वजन क्विंटलमध्ये, दोन दशांश (12.35). 'क्विं.' लिहू नये
> F – ओलावा टक्के, फक्त आकडा (11.5)
> G – जावक तारीख. माल शिल्लक असेल तर खाना पूर्ण रिकामा. रेघ, शून्य किंवा 'शिल्लक' लिहू नये
> H – शेरा. जे काही सांगायचं ते इथे
>
> C आणि G मधली तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 5 डिसेंबर म्हणजे 2023-12-05. सॉफ्टवेअरमधून फाइल काढताना तारखेसाठी `YYYY-MM-DD` निवडावं. फाइल तयार झाल्यावर C रकाना पूर्ण निवडून `Long Date` करून पाहावं: सगळीकडे December दिसला तर बरोबर. मग पुन्हा `yyyy-mm-dd` करून जतन करावं.
>
> मेलमध्ये दोन आकडे लिहावेत: एकूण नोंदी किती, आणि E रकान्याची बेरीज किती. मी इकडे तेच आकडे जुळवून पोच देईन.
>
> सोबत पाच ओळींची नमुना फाइल आहे. तशीच पाच ओळींची एक चाचणी फाइल 15 डिसेंबरपर्यंत पाठवाल का? त्यात 5 आणि 7 डिसेंबरच्या नोंदी असाव्यात. मांडणीत काही अडचण असेल तर फाइल बदलण्याआधी फोन करावा.

एकूणची ओळ नको म्हणण्याचं कारण असं की ती माझ्या वहीत एक नोंद म्हणून शिरते आणि वजन दुप्पट दाखवते. बेरीज मेलमध्ये मागितली, कारण ओळी कमी पडल्या तर ते तिथेच कळावं. G रकाना रिकामाच हवा, कारण तारखेच्या खान्यात शून्य आलं की एक्सेल `00-01-1900` दाखवतं आणि माल शंभर वर्षांपूर्वी बाहेर गेल्यासारखा होतो.

पुढे काय झालं

चाचणी फाइल 13 डिसेंबरला आली. तारखा बरोबर. डिसेंबरची पूर्ण फाइल 4 जानेवारीला आली. C रकान्याचा `COUNT` आणि ओळींची संख्या जुळली, वजनाची बेरीजही जुळली.

सभासद क्रमांक मात्र 417 असाच आला. यात ताईंची चूक नव्हती. सॉफ्टवेअर 0417 देतं, पण सीएसव्ही उघडताना एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं. हे मी आमच्याकडेच सुधारायचं ठरवलं:

```
=TEXT(B2,"0000")
```

तारखेची दुरुस्ती आपल्याकडे नको म्हणणारा मी इथे का तयार झालो? कारण 417 आलं तरी उत्तर 0417 आणि 0417 आलं तरी 0417. बरोबर माहितीला हे सूत्र धक्का लावत नाही. तारखेचं सूत्र लावत होतं.

जानेवारीच्या फाइलला मला काहीच करावं लागलं नाही. फेब्रुवारीत शेठना मालाची प्रतवारी लिहायची होती. तेव्हा ताईंनी आधी फोन केला आणि ती H मध्ये लिहिली.

वेगळं करता आलं असतं ते

निरोप पाठवण्याआधी यादी डोळ्यांखालून घालायला हवी होती. नोव्हेंबर 2023 च्या फाइलमध्ये जानेवारीचा माल असूच शकत नव्हता. आता वहीत एक तपासणी ओळ आहे. आवक तारीख फाइलच्या महिन्याबाहेरची असेल तर खाना लाल होतो आणि लाल खाना असेपर्यंत मी यादी काढत नाही.

पहिला मेल लिहिण्याआधी मी फोन करायला हवा होता. 'तारीख नीट पाठवा' हे वाक्य जिने ती नीटच लिहिली आहे तिला दुखावतं, आणि त्या दोन दिवसांत आमच्यात जो ताठरपणा आला तो टाळता आला असता. दुसऱ्या मेलची सुरुवात 'आपल्या नोंदी बरोबर होत्या' अशी केली, ती याचसाठी.

तीन रकान्यांची ताईंची सूचना मी जपून ठेवली आहे. शेजारच्या तालुक्यात दुसरं गोदाम घ्यायचं चाललं आहे. तिथे सॉफ्टवेअर नाही, पावत्या हाताने फाटतात आणि महिन्याची नोंद एक्सेलमध्ये टाइप होते. तिथे दिवस, महिना, वर्ष वेगळेच मागणार आहे. मांडणीचं पान या वेळी कराराला जोडलेलं असेल, आणि नमुन्यातली पहिली तारीख बारा किंवा त्याच्या आतली असेल.